वडिलांची नोकरी गेली आणि कॉलेजची फी अंगावर आलीय : हप्ते आणि सवलत कशी मागायची

मी एका विनाअनुदानित कॉलेजच्या अकाउंट्स सेक्शनला बरीच वर्षं काढलीत, म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला. मागच्या वर्षी मात्र पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला उभं राहावं लागलं, कारण भाच्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या दाजींची नोकरी गेली आणि पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेज दुसरं. त्यामुळे हे जे लिहितोय ते दोन्ही बाजूंनी बघून. महाराष्ट्रातल्या खाजगी विनाअनुदानित प्रोफेशनल कॉलेजांबद्दल आहे, सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात फी कमी असते आणि तिथली गणितं वेगळी.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. हप्ते आणि सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या देणारी माणसंही वेगळी आहेत. हप्ते पाडून देणं प्राचार्यांच्या हातात असतं, ते अर्जावर एक ओळ लिहितात आणि अकाउंट्स त्याप्रमाणे चालतं. फीत सूट म्हणजे मात्र संस्थेच्या उत्पन्नातून पैसे कमी होणं, ते संस्थेचे सचिव किंवा मॅनेजमेंटची मीटिंग ठरवते आणि त्याला दोन महिनेही लागतात, चारही लागतात. लोक एकाच अर्जात दोन्ही मागतात, "फी माफ करावी अथवा हप्ते द्यावेत", मग क्लार्क तो अर्ज मॅनेजमेंटच्या फायलीत टाकतो आणि जे आठ दिवसांत मिळालं असतं ते हप्तेही तिथेच अडकून बसतात. म्हणून दोन अर्ज, दोन वेगळे कागद. हप्त्यांचा आज, सवलतीचा हप्ते मंजूर झाल्यावर.

भाच्यानं पहिला अर्ज मला न विचारता दिला होता. "घरची परिस्थिती हलाखीची असल्याने फी भरण्यास मुदत मिळावी ही विनंती." झालं, एवढंच. दोन आठवडे तो टेबलावर पडून. मला त्या क्लार्कचा राग नाही आला, मी तरी काय केलं असतं? मुदत किती, रक्कम किती, कधीपर्यंत, काहीच नाही, साहेबांपुढे ठेवला तर ते त्यावर लिहिणार काय? अर्ज असा पाहिजे की प्राचार्यांना फक्त "मंजूर" लिहून सही करता आली पाहिजे.

आता कागदांचं. नोकरी गेली हे तोंडी सांगून चालत नाही, आणि बऱ्याच कंपन्या काढताना लेटर देतच नाहीत, राजीनामा लिहून घेतात. दाजींचंही तसंच झालं, चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर होते, जूनअखेर राजीनामा घेतला. हातात रिलीव्हिंग लेटर होतं पण त्यावर "स्वेच्छेने" असा शब्द, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार माणसानं स्वतःच नोकरी सोडली. अशा वेळी शब्दांवर वाद घालू नका, आकडे दाखवा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, ज्यात पगार यायचा बंद झालेला स्पष्ट दिसतो. शेवटची सॅलरी स्लिप. आणि पीएफचं पासबुक, त्यात शेवटचं योगदान कुठल्या महिन्याचं ते दिसतं, कंपनीनं नोंद केली असेल तर पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखही असते. हा कागद लोक विसरतात, पण माझ्या टेबलावर आलेला सगळ्यात पटणारा कागद हाच असायचा, कारण तो सरकारी आहे आणि घरी बसून बनवता येत नाही. यासोबत वडिलांच्या सहीचं साध्या कागदावरचं निवेदन, कधीपासून काम नाही आणि सध्या घरात काय उत्पन्न आहे, चार ओळीत. सगळ्या झेरॉक्सवर विद्यार्थ्यानं स्वतः सही करून द्यायची. ओरिजिनल काहीही ठेवून द्यायचं नाही, ना मार्कशीट ना एलसी, "फी भरेपर्यंत राहू दे" असं कोणी म्हटलं तरी नाही. यूजीसीनं २०१८ मध्येच कॉलेजांना सांगितलंय की ओरिजिनल सर्टिफिकेटं तपासायची आणि परत करायची.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल नीट वाचा कारण इथे जवळपास सगळेच गोंधळतात. तहसीलचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न सांगतो. दाजींचं ग्रॉस महिना सत्तर हजार, म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, तिची मर्यादा ८ लाख, त्यामुळे त्यांना ती कधी मिळालीच नव्हती. आता नोकरी गेली तरी या वर्षीच्या दाखल्यावर मागच्या वर्षाचा पगारच दिसणार, त्यामुळे या वर्षी ईबीसीचा दरवाजा बंदच. सेतूमध्ये जाऊन "आता उत्पन्न शून्य आहे" म्हणून भांडण्यात दाजींचे चार दिवस गेले, तसा दाखला मिळत नाही आणि खोटं काही लिहून आणायच्या फंदात तर पडूच नका. पण पुढच्या वर्षी? एप्रिल ते जून तीन महिन्यांचा पगार, पुढे समजा कुठे कमी पगारावर लागले तरी आकडा ८ लाखांच्या बराच खाली येणार. म्हणजे चौथ्या वर्षाला ट्यूशन फीत ५० टक्के मिळायची वाट मोकळी, कारण ॲडमिशन कॅप राउंडमधून होती. मॅनेजमेंट कोट्याची ॲडमिशन असेल तर हा लाभ नाही. आणि घरात मुलगी शिकत असेल तर अजून बघा, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कॅपमधल्या व्यावसायिक कोर्सना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. थोडक्यात खड्डा एका वर्षाचा आहे, आणि हे अर्जात लिहायचं. कॉलेजला भीती असते की हे पोरगं आता कायमचं बाकीदार होणार. "पुढील वर्षी मी शिष्यवृत्तीस पात्र होण्याची शक्यता आहे" हे वाक्य वाचलं की साहेबांचा सूर बदलतो, मी पाहिलंय.

मग हप्त्यांच्या तारखा. फीची जी शेवटची तारीख नोटीस बोर्डवर असते ती खरी अडचणीची तारीख नसते, ती चुकली तर दंड लागतो एवढंच. खरी तारीख परीक्षा फॉर्मची. युनिव्हर्सिटीचा फॉर्म कॉलेजकडून पुढे जातो आणि बाकी असेल तर कॉलेज तिथे हात आखडतं, नाहीतर हॉल तिकिटाला. त्यामुळे तुमचा दुसरा हप्ता फॉर्म सुटायच्या आधी पडला पाहिजे, चौथा दुसऱ्या सेमिस्टरच्या फॉर्मच्या आधी. मागच्या वर्षी फॉर्म कधी सुटले होते ते सीनियरला विचारा, साधारण त्याच सुमारास येतात.

दुसरी बाजू, पैसा कधी येणार. जी तारीख लिहाल तिच्यामागे खरा पैसा पाहिजे. दाजींच्या बाबतीत फुल अँड फायनल आणि ग्रॅच्युइटी, कारण पाच वर्षांच्या वर नोकरी झालेली. ग्रॅच्युइटी कायद्यानं ३० दिवसांत द्यायची असते पण कंपन्या रेंगाळतात, म्हणून मी ती ऑगस्टमध्ये धरलीच नाही, सप्टेंबरमध्ये धरली. पीएफमधून नोकरी गेल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण केवायसी किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ असला की क्लेम परत येतो, त्यामुळे तोही पैसा महिनाभर पुढे धरायचा. पगार २१ हजारांच्या आत असणाऱ्या आणि ईएसआयसी कापली जाणाऱ्या माणसानं अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघावी, बेकारीत ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ५० टक्के मिळतात, अटी आहेत पण हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दाजी त्यात बसत नव्हते.

भाच्याची फी ट्यूशन आणि डेव्हलपमेंट मिळून १,३२,००० होती. घरात लगेच काढता येतील असे पस्तीस-छत्तीस हजार. आम्ही मांडणी केली ती अशी, ३१ जुलैला ३२,०००, ३० सप्टेंबरला ३०,०००, १५ डिसेंबरला ३५,००० आणि २८ फेब्रुवारीला ३५,०००. पहिला हप्ता मुद्दाम हातात होते त्यापेक्षा थोडा कमी लिहिला, कारण मला माहीत होतं की ऑफिस काहीतरी वाढवायला सांगणारच, तेव्हा द्यायला हातात काहीतरी पाहिजे. अर्ज असा होता, जशाच्या तसा घ्या, फक्त आकडे तुमचे टाका :

"प्रति, मा. प्राचार्य. मार्फत : विभागप्रमुख. विषय : शैक्षणिक शुल्क चार हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, मी तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, रोल नंबर अमुक. माझी प्रथम व द्वितीय वर्षाची संपूर्ण फी वेळेत भरलेली आहे. माझ्या वडिलांची नोकरी ३० जून रोजी संपुष्टात आली असून घरात सध्या दुसरे नियमित उत्पन्न नाही. या वर्षीची फी १,३२,००० रुपये मी पुढीलप्रमाणे भरू इच्छितो : ३१ जुलै ३२,०००, ३० सप्टेंबर ३०,०००, १५ डिसेंबर ३५,०००, २८ फेब्रुवारी ३५,०००. या तारखा पाळल्यास विलंब शुल्क आकारू नये आणि परीक्षा फॉर्म व हॉल तिकीट अडवले जाऊ नये, ही विनंती. पुढील वर्षी उत्पन्नाच्या निकषावर मी शिष्यवृत्तीस पात्र होण्याची शक्यता आहे. सोबत : पीएफ पासबुक, बँक स्टेटमेंट, शेवटची वेतन चिठ्ठी, रिलीव्हिंग लेटर, वडिलांचे निवेदन."

विलंब शुल्क आणि परीक्षा फॉर्मचं वाक्य विसरू नका, हप्ते मंजूर होतात पण दंड चालूच राहतो असं मी कितीतरी पोरांचं बघितलंय. आणि मागच्या वर्षांची फी वेळेत भरलीय हे वर, लगेच दुसऱ्या ओळीत, कारण प्राचार्य विचारतात ते पहिलं हेच, "याची मागची बाकी आहे का?"

अर्ज थेट प्राचार्यांच्या केबिनला न्यायचा नाही. आधी तुमचे जीएफएम किंवा मेंटॉर, त्यांना पाच मिनिटं सांगायचं, मग एचओडींची शिफारशीची सही. एचओडींनी "हजेरी चांगली, शिफारस" असं दोन शब्द लिहिलं तर पुढचं सोपं जातं, हजेरी ६० टक्के असेल तर मात्र ते दोन शब्द मिळणं अवघड, हे पण खरं. मग ऑफिसात दोन प्रती न्यायच्या, एक इनवर्डला द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्यायचा. ही पोच म्हणजे तुमचा जीव. खिडकीवरचा माणूस म्हणेल "ठेव इथं, बघतो", तर हसत म्हणायचं "सर, एवढा शिक्का मारून द्या, घरी दाखवायचाय." चार दिवसांनी परत जाऊन फक्त आवक नंबर सांगायचा, सगळी कहाणी परत सांगायची नाही.

प्राचार्यांनी भेटायला बोलावलं तर पालक पाहिजेत, शक्यतो ज्यांची नोकरी गेली तेच. दाजी तयार नव्हते, म्हणाले "तू जा की, तुला या ऑफिसातली भाषा कळते." मी गेलो असतो तर सरांनी मलाच विचारलं असतं की वडील कुठायत. शेवटी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल मांडीवर ठेवून बसले आणि फक्त एवढंच बोलले की पोराचं वर्ष वाया जाऊ देणार नाही, तारखा मी पाळतो. पाच मिनिटांत काम झालं. सरांनी अर्जावर लिहिलं, "५०% परीक्षा फॉर्मपूर्वी, उर्वरित दोन समान हप्त्यांत." म्हणजे सप्टेंबरअखेर ६६,००० पाहिजेत आणि आम्ही ६२,००० लिहिले होते. पहिला हप्ता ३२ चा ३६ केला, दुसरा ३०, आणि पुढचे दोन तेहेतीस-तेहेतीस हजारांचे, तारखा त्याच. पहिल्या हप्त्यात जागा ठेवली होती ती इथे कामी आली.

इथून पुढे हमीपत्र आणि चेक. हमीपत्र कॉलेजच्या छापील नमुन्यात असतं, सही करण्याआधी वाचा, काहींमध्ये "एक हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम एकदम देय" असतं, ते कॉलेज काढणार नाही बहुतेक, पण माहीत असलेलं बरं. पोस्ट डेटेड चेक मागितले तर जरा थांबा. खात्यात पैसे नसताना तो चेक बँकेत गेला की बाउन्स, बँकेचा दंड वेगळा आणि चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली नोटीस यायची शक्यता वेगळी. ज्या घरात पगारच बंद झालाय त्यांनी फेब्रुवारीचा चेक आज लिहून देणं मला तरी धोक्याचं वाटतं. आम्ही म्हटलं हमीपत्र देतो, चेक नको, आणि ते मान्य झालं. मान्य नसेलच झालं तर चेकवरची तारीख हप्त्याच्या तारखेच्या आठवडाभर पुढची टाकायची परवानगी मागा.

आता ते ठिकाण जिथे सगळं होऊनही माशी शिंकते, ईआरपी. मंजुरी कागदावर आहे, पण सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे पोर्टलवर पूर्ण १,३२,००० बाकी दिसते, रोज दंड चढतो आणि ऑनलाइन भरायला गेलं तर पूर्ण रक्कमच घेतं. मंजूर अर्जाची झेरॉक्स घेऊन अकाउंट्सला जायचं आणि दोन गोष्टी मागायच्या, एक म्हणजे पार्ट पेमेंट चालू करा, दुसरं म्हणजे हप्त्यांच्या तारखा सिस्टीमला टाका. मग घरी येऊन लॉगिन करून स्वतः बघायचं. भाच्याचं दंडाचं साडेआठशे रुपये तरीही चढलेलं होतं, मंजुरीची तारीख आणि दंडाची तारीख शेजारी ठेवून दाखवली तेव्हा काढून टाकलं. प्रत्येक हप्त्याची पावती कॉलेजच्या नावाची घ्यायची, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही, ओळखीचा असला तरी.

हप्ते नाकारले तर? खरं सांगायचं तर हप्ते द्यायलाच पाहिजेत असा हक्क दाखवता येत नाही, ही विनंतीच आहे. पण काही गोष्टी कॉलेजला करता येत नाहीत. शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला त्या वर्षासाठी ठरवून दिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येत नाही, २०१५ च्या कायद्यानं, आणि पुढच्या वर्षांची फी आधीच एकरकमी मागता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी प्राधिकरणाच्या वेबसाइटवर तुमच्या कॉलेजची मंजूर फी बघून घ्या, पावतीशी ताडून बघा. कधीकधी "इतर", "ॲक्टिव्हिटी", "ट्रेनिंग" असे आकडे वर चढवलेले असतात, त्यातलं ट्रेनिंग किंवा ऐच्छिक काही असेल तर ते या वर्षी नको म्हणून मागता येतं, आणि काही वेळा तेवढ्यानंच दहा-पंधरा हजार हलके होतात. ओरिजिनल अडवले किंवा मंजूर फीपेक्षा जास्त मागितली तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी जायचं, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती असावीच लागते. हप्ते नाकारले म्हणून मात्र तिथे धावू नका, त्यापेक्षा पंधरा दिवसांनी पहिला हप्ता भरून पावतीसकट परत अर्ज द्या, पैसे भरणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

सवलतीचा अर्ज आम्ही ऑक्टोबरमध्ये दिला, दोन हप्ते वेळेवर भरल्यावर. तो संस्थेच्या सचिवांच्या नावे, मार्फत प्राचार्य. त्यात "फी माफ करा" लिहिलं नाही, लिहिलं की चौथ्या हप्त्यापैकी शक्य तेवढी रक्कम विद्यार्थी सहाय्य निधीतून किंवा माजी विद्यार्थी संघाच्या निधीतून मिळावी. फरक असा की फीत सूट दिली तर उद्या शंभर जण रांगेत उभे राहतील ही मॅनेजमेंटची भीती, निधीतून मदत दिली तर तो हिशेब वेगळ्या खात्यात जातो. बऱ्याच संस्थांकडे असा छोटा निधी असतो आणि कोणी मागायलाच जात नाही. सोबत दोन्ही पावत्या आणि तिसऱ्या सेमिस्टरपासूनचे मार्क जोडले. जानेवारीत १५,००० मंजूर झाले, म्हणजे शेवटचा हप्ता १८,००० राहिला. शून्यही मिळालं असतं, त्यामुळे तारखा ठरवताना सवलत मोजायची नाही. मधल्या काळात भाचा कॉलेजच्या लायब्ररीत कमवा व शिका योजनेत काम करत होता, त्यातून फी निघत नाही पण त्याचा बसचा आणि झेरॉक्सचा खर्च घरावरून उतरला.

एक हप्ता चुकणार हे दिसलं तर तारखेच्या आधी जा, नंतर नाही. डिसेंबरचा हप्ता आमचाही दहा दिवस लांबला, पीएफचा क्लेम परत आला होता, वडिलांच्या नावात "राव" एका ठिकाणी होतं एका ठिकाणी नव्हतं. १० डिसेंबरलाच एक ओळीचा अर्ज दिला, क्लेम परत आल्याचा स्क्रीनशॉट जोडून २५ तारीख मागितली, आणि २४ ला भरले. १६ तारखेला गेलो असतो तर तोच अर्ज "कबूल करून पाळलं नाही" असा वाचला गेला असता.

फेब्रुवारीत शेवटची पावती घेतली तेव्हा त्याच दिवशी अकाउंट्सकडून बाकी शून्य असल्याची प्रिंट काढून घेतली, शिक्क्यासकट, कारण निधीचे १५,००० सिस्टीममध्ये पुढच्या महिन्यात दिसणार होते. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दाजी परत सेतूच्या रांगेत, या वेळी नव्या वर्षाच्या दाखल्यासाठी, आणि पोरानं महाडीबीटीवर नवीन प्रोफाइल करून आधार बँक खात्याला लिंक आहे का ते तपासून ठेवलंय.